सूचीतल्या चुका पकडणारी वजाबाकी

‘नवभारत, वर्ष ८, अंक ५, सन १९४५, पृष्ठे ३७-४४.’ एखाद्या लांबलचक लेखसूचीत अशी ओळ असेल तर मुद्रितशोधकाची नजर तिच्यावर अडकणार नाही. १९४५ हे साल अगदी शक्य कोटीतले आहे. आठवे वर्ष, पाचवा अंक, सात-आठ पानांचा लेख, सगळे जिथल्या तिथे आहे. तरीही ही नोंद चुकीची असणार, कारण ‘नवभारत’ मासिक सुरू झाले ते ऑक्टोबर १९४७ मध्ये. १९४५ साली त्याचे आठवे वर्ष असणे शक्य नाही.

सूचीतल्या बऱ्याच चुका या जातीच्या असतात. प्रत्येक रकाना सुटा पाहिला तर बरोबर वाटतो. दोन रकाने एकमेकांसमोर उभे केले की खोटेपणा उघडा पडतो. पीएचडीची संदर्भसूची, जुन्या मासिकाची लेखसूची, ग्रंथालयातल्या बांधीव अंकांची यादी अशी कामे आज अनेकजण एक्सेल, गूगल शीट्स किंवा लिबरऑफिसमध्ये करतात. नोंदी हजारभर झाल्या की त्या वाचून तपासणे माणसाच्या आवाक्यात राहत नाही. पण या प्रोग्रॅममध्येच क्रम लावण्याची, म्हणजे सॉर्टची, आणि सूत्रांची सोय आहे. ती नेमकी कुठे लावायची हे कळले तर दोन-तीन तासांत संशयित ओळींची छोटी यादी हाती येते, आणि मग मूळ अंक तेवढ्यापुरतेच काढून पाहावे लागतात.

पुढची सूत्रे समजायला रकान्यांची मांडणी एकदा ठरवून घेऊ. A मध्ये अनुक्रमांक, B लेखक, C शीर्षक, D नियतकालिकाचे नाव, E वर्ष, F अंक, G सन आणि H पृष्ठे. नियतकालिकाच्या पहिल्या पानावर ‘वर्ष ८ वे’ असे जे छापलेले असते ते E मध्ये, आणि इसवी सन G मध्ये. घाईत या दोन रकान्यांत अदलाबदल होते, आणि मग E मध्ये 1955 व G मध्ये 8 दिसते. ही चूक सर्वांत सोपी: कोणताही एक रकाना चढत्या क्रमाने लावला की ती टोकाला येऊन बसते.

क्रम लावण्याआधी दोन गोष्टी मात्र न चुकता कराव्यात. फाइलची प्रत काढून प्रतीवरच काम करावे. आणि A रकान्यात अनुक्रमांक खरोखर टाइप केलेले आहेत ना, ते पाहावे. तो रकाना असेल तर कितीही वेळा क्रम बदलला तरी मूळ क्रमाकडे परतता येते. क्रम लावताना संपूर्ण तक्ता निवडलेला हवा. एकटा सनाचा रकाना निवडून सॉर्ट केला तर सगळी साले आपापले लेख सोडून दुसऱ्याच लेखांसमोर जाऊन बसतात, आणि फाइल जतन करून बंद केली असेल तर ती परत जुळवण्याचा मार्ग राहत नाही.

आता सनाचा रकाना चढत्या क्रमाने लावा आणि वरून शेवटपर्यंत सरकत जा. चढत्या क्रमात आधी आकडे येतात, त्यांच्या खाली मजकूर आणि सर्वांत शेवटी रिकाम्या चौकटी. त्यामुळे ‘इ.स. १९५५’, ‘1955-56’, ‘१९५५?’ असल्या नोंदी आपोआप तळाशी एकत्र जमतात. मराठी सूचीत तळाचा हा ढीग बराच मोठा असतो, कारण कोणी साल देवनागरी अंकांत लिहिलेले असते, कोणी इंग्रजी अंकांत. आपल्याला दोन्ही एकच वाटतात; स्प्रेडशीटला देवनागरीतले १९५५ हा बहुधा नुसता मजकूर असतो, आणि त्यावर बेरीज-वजाबाकी चालत नाही. शंका असेल तर `ISNUMBER` विचारून पाहावे. `TRUE` आले तर आकडा, `FALSE` आले तर मजकूर. सनाच्या रकान्यापुरते ‘शोधा आणि बदला’ वापरून दहा देवनागरी अंकांच्या जागी दहा इंग्रजी अंक घालणे हा साधा उपाय आहे. छापताना हवे तर पुन्हा देवनागरी करावेत. तपासणीपुरते ते इंग्रजीच असावेत. पृष्ठांच्या रकान्यात मात्र ही बदलाबदल घाईने करू नये. त्याचे कारण पुढे येईल.

कधी सनाच्या रकान्यात 1955 ऐवजी 08-05-1905 अशी तारीख दिसते. ती पाहून घाबरायचे कारण नाही. स्प्रेडशीट तारखा दिवसांच्या अनुक्रमांकाने साठवते. एक्सेलच्या मोजणीत १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस, तर १९५५ वा दिवस ८ मे १९०५. म्हणजे आकडा शाबूत आहे, फक्त त्या चौकटीला तारखेचा पोशाख चढला आहे. चौकटीचे स्वरूप ‘नंबर’ केले की साल परत दिसते. आपल्या कामातली साले तारीख म्हणून दिसू लागली की ती नेहमी १९०५ मध्येच पडतात, म्हणून १९०५ च्या तारखांची रांग दिसली की दुखणे हेच समजावे.

सन आकड्यांत आले की मर्यादेची पहिली चाळणी लावता येते. मराठीतले पहिले वृत्तपत्र ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले. मराठी नियतकालिकांच्या सूचीत त्याआधीचे साल दिसले तर थांबून पाहायला हवे:

```
=IF(NOT(ISNUMBER(G2)),"मजकूर",
 IF(OR(G2<1832,G2>YEAR(TODAY())),"तपासा",""))
```

या चाळणीत अडकणाऱ्या नोंदींत शकाची साले बरीच असतात. जुन्या अंकांच्या मुखपृष्ठावर ‘शके १७८९’ छापलेले असते, आणि उतरवून घेणारा ते तसेच सनाच्या रकान्यात टाकतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. वर्षाच्या अखेरीकडचे महिने पुढच्या इसवी सनात जातात, तिथे ७९ मिळवावे लागतात. पौष तर डिसेंबर-जानेवारीच्या सीमेवर असतो, म्हणून त्या महिन्याच्या नोंदीला पंचांग पाहिल्याशिवाय हात लावू नये.

ही चाळणी जाड आहे. शके १७८९ तिच्यात अडकतो, पण शके १८५० सुटतो, कारण १८५० हे इसवी सन म्हणूनही चालण्यासारखे आहे. प्रत्येक नियतकालिकाचे आयुष्य माहीत असेल तर चाळणी बारीक होते. ‘विविधज्ञानविस्तार’ १८६७ ते १९३७ या काळात निघाले. शकात ही वर्षे १७८९ ते १८५९ अशी होतात, म्हणजे शकातली प्रत्येक नोंद १८६७ च्या आधी पडते आणि पकडली जाते. ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद पडले, तेव्हा त्याच्या नावापुढे १९९२ दिसले तर ती चूकच. पण ‘केसरी’ १८८१ पासून आहे. शके १८९० (म्हणजे १९६८-६९) त्याच्या आयुष्यात इसवी सन म्हणून सहज बसतो. इथे मर्यादा कामाला येत नाही. इथे वजाबाकी लागते.

सनातून वर्षाचा क्रमांक वजा करा. ‘नवभारत’चे पहिले वर्ष ऑक्टोबर १९४७ ला सुरू झाले आणि दरवर्षी ऑक्टोबरलाच वर्ष बदलत गेले असे धरू. ऑक्टोबर ते डिसेंबर १९४७ या अंकांसाठी १९४७ वजा १ म्हणजे १९४६. जानेवारी ते सप्टेंबर १९४८ साठी १९४८ वजा १ म्हणजे १९४७. दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच: १९४८ वजा २ म्हणजे १९४६, १९४९ वजा २ म्हणजे १९४७. मासिक अखंड चालू असेल तर कितीही दशके गेली तरी उत्तर या दोनपैकी एकच. जानेवारीत वर्ष बदलणाऱ्या मासिकाचे तर एकच उत्तर येते. मघाची ओळ आठवा: १९४५ वजा ८ म्हणजे १९३७. या मासिकाच्या शेकडो नोंदींत हे उत्तर एकटे पडेल.

एकटे पडलेले शोधायचे काम मोजणीचे. M रकान्यात वजाबाकी, N मध्ये ‘याच नियतकालिकाच्या किती नोंदींत हेच उत्तर आले’ याची संख्या:

```
M2:  =G2-E2
N2:  =COUNTIFS(D:D,D2,M:M,M2)
```

दोन्ही सूत्रे खालपर्यंत ओढा आणि तक्ता N च्या चढत्या क्रमाने लावा. ज्यांचे उत्तर एकट्या-दुकट्या नोंदीपुरते आहे त्या सगळ्या वर येतात. एक पूर्वअट आहे: नियतकालिकाचे नाव सर्वत्र सारखे हवे. ‘नवभारत’, ‘नवभारत मासिक’ आणि शेवटी अदृश्य स्पेस असलेले ‘नवभारत ’ ही यंत्रासाठी तीन वेगळी नियतकालिके होत. म्हणून D रकान्यावर फिल्टर लावून नावांची यादी आधी नजरेखालून घालावी.

या वजाबाकीतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट अशी की ती चूक दाखवून थांबत नाही, चूक कशी झाली असेल याचाही अंदाज देते. अपेक्षित उत्तर आणि आलेले उत्तर यांतला फरक पाहायचा. फरक ७८ किंवा ७९ चा असेल तर शक आणि सन यांची गल्लत. ‘केसरी’तला शके १८९० इथे सापडतो. फरक १० चा असेल तर दशकाचा अंक चुकला, जसे १९५५ चे १९४५. फरक ९, १८, २७ असा नवाच्या पाढ्यातला असेल तर शेवटचे दोन अंक उलटे टाइप झाले असण्याचा संभव मोठा. १९५८ चे १९८५ झाले की फरक २७ चा पडतो. कोणत्याही दोन अंकी संख्येतले अंक उलटे केले की फरक नवाच्या पटीतच येतो, आणि जमाखर्च न जुळल्यास हिशेबनीस हीच खूण शोधतात. जुन्या, झिजलेल्या टाइपातल्या मजकुरात देवनागरी १ आणि ९ यांची गफलत होते. ती एकं स्थानी झाली तर फरक ८ चा, दहं स्थानी झाली तर ८० चा.

पण चूक सनात आहे की वर्षात, हे वजाबाकी सांगत नाही. वर्ष ८ ऐवजी १८ टाइप झाले तरी फरक दहाचाच येतो. अशा वेळी तक्ता नियतकालिक, सन आणि अंक या क्रमाने लावावा. एका अंकातले लेख सहसा एकापेक्षा जास्त असतात. फेब्रुवारी १९५५ च्या पाच लेखांपुढे वर्ष ८ आणि सहाव्यापुढे वर्ष १८ असेल तर दोष कुठे आहे ते शेजाऱ्यांवरून कळते. शेजारी नसतील तर मूळ अंकच पाहावा लागतो.

वेगळे उत्तर एकट्याचे नसून मोठ्या गटाचे असेल तर मात्र सावध व्हावे. मासिक दोन वर्षे बंद पडून पुन्हा सुरू झाले, किंवा नव्या मालकाने वर्षाची मोजणी पहिल्यापासून सुरू केली, की त्यापुढच्या सर्व नोंदींचे उत्तर एकदम बदलते. ही चूक नव्हे, तो त्या मासिकाचा इतिहास आहे, आणि सूचीकाराला तो कळणे मोलाचे असते. असाच गट आणखी एका कारणाने तयार होतो: एका माणसाने शकाचे सन करताना एक संपूर्ण वही सरसकट चुकवली तर. दोन्ही गट तक्त्यात सारखेच दिसतात. गटातले दोन-तीन छापील अंक पाहिले की कोणते कारण खरे ते ठरते, आणि उरलेला गट एकदम निकालात निघतो.

आता पृष्ठे. इथे मुख्य धोका माणसाकडून नाही, प्रोग्रॅमकडून आहे. चौकटीत 5-12 टाइप केले की एक्सेल ती ५ डिसेंबर ही तारीख समजते (संगणकाची मांडणी अमेरिकी असेल तर १२ मे) आणि चालू वर्ष जोडून आत एक अनुक्रमांक ठेवते. २०२५ साली टाइप केले असेल तर तो 45996. जीवशास्त्रज्ञांना हा त्रास इतका झाला की `SEPT2`, `MARCH1` अशा जनुकनावांच्या तारखा होऊ नयेत म्हणून २०२० मध्ये ती नावेच बदलण्यात आली. आता ती `SEPTIN2`, `MARCHF1` आहेत. आपल्या सूचीत हा अपघात कुठे होतो ते पाहण्यासारखे आहे. 37-44 ची तारीख होऊ शकत नाही, कारण सदतिसावा दिवस नाही आणि सदतिसावा महिनाही नाही. सुरुवातीचे पान १ ते १२ मधले असेल तरच धोका. म्हणजे प्रत्येक अंकातले पहिले एक-दोन लेख, संपादकीय, मुख्य लेख, नेमके हेच बिघडतात. जोडअंकांचेही तेच: अंकाच्या रकान्यात 3-4 लिहिले की ३ एप्रिल होतो.

बिघडलेली नोंद सूत्राने उलटी फिरवावी असे वाटते, पण तो भरवशाचा मार्ग नाही. 5-12 चे झालेले ५ डिसेंबर पुन्हा 5-12 करता येईल. 5-40 चे काय? महिना चाळिसावा नसतो, म्हणून एक्सेल त्याला मे १९४० समजते आणि आत १ मे १९४० चा अनुक्रमांक, 14732, ठेवते. त्यावर तेच सूत्र चालवले तर 1-5 मिळेल, आणि पृष्ठे १ ते ५ अशी साळसूद खोटी नोंद तयार होईल. म्हणून तारीख झालेली प्रत्येक ओळ वेगळी काढून मूळ अंकावरून, निदान मूळ टिपणावरून, पुन्हा भरावी. नवीन सूची करणाऱ्याने तर पहिले पान आणि शेवटचे पान असे दोन रकानेच ठेवावेत. मग हा प्रश्नच उद्भवत नाही. देवनागरी पृष्ठांकांवर ‘शोधा आणि बदला’ चालवू नये असे मघाशी म्हटले ते यासाठी. ५-१२ हा मजकूर सुरक्षित असतो; अंक बदलताच तो 5-12 होतो आणि लगेच तारीख बनू शकतो. ते अंक `SUBSTITUTE` या सूत्राने शेजारच्या रकान्यात बदलावेत, कारण त्या सूत्राचे उत्तर मजकूरच राहते.

आधीच एका रकान्यात पृष्ठे असलेली सूची तपासायची तर ती दोन भागांत तोडावी लागते. आधी I मध्ये लहान-मोठे डॅश एकसारखे करून स्पेस काढायच्या, मग J मध्ये पहिले पान, K मध्ये शेवटचे:

```
I2:  =SUBSTITUTE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(H2,"–","-"),"—","-")," ","")
J2:  =VALUE(LEFT(I2,FIND("-",I2&"-")-1))
K2:  =IF(ISNUMBER(FIND("-",I2)),VALUE(MID(I2,FIND("-",I2)+1,10)),J2)
```

J उतरत्या क्रमाने लावला की तारीख झालेल्या नोंदी 45996 सारख्या अशक्य पृष्ठांकांनी वर येतात. जिथे `#VALUE!` दिसेल तिथे ‘37 ते 44’ असे शब्द किंवा न बदललेले देवनागरी अंक आहेत असे समजावे. ‘१२-१८, ९४’ अशा स्वल्पविराम असलेल्या नोंदी फिल्टरने आधीच बाजूला ठेवाव्यात. दिवाळी अंकांत लेखाचा उरलेला भाग मागच्या पानावर ढकललेला असतो, त्यामुळे अशा नोंदी खऱ्या असतात, आणि सूत्र त्यांची मोडतोड करते.

K हा J पेक्षा लहान असेल तर दोन शक्यता. एक, 137-42 असे संक्षिप्त लेखन, म्हणजे १३७ ते १४२. दुसरी, खरोखरची चूक. संक्षेप उलगडण्यासाठी पहिल्या पानाचे पुढचे अंक उसने घ्यायचे:

```
L2:  =IF(K2<J2,VALUE(LEFT(J2,LEN(J2)-LEN(K2))&K2),K2)
```

यानंतरही L लहानच राहिला, जसे 137-24 मधून १२४ आले, तर तिथे आकडे उलटसुलट झालेले आहेत. L मधून J वजा करून एक मिळवला की लेखाची पानसंख्या मिळते, आणि तिच्या उतरत्या क्रमात मासिकातला दोनशे पानांचा लेख लगेच नजरेस येतो. 37-244 असे कुणाच्या तरी बोटाने जास्तीचा अंक दाबलेला असतो.

शेवटची तपासणी शेजाऱ्यांची. तक्ता D, E, F आणि J या क्रमाने लावून दुसऱ्या नोंदीपासून, म्हणजे तिसऱ्या ओळीपासून, हे सूत्र खाली ओढा:

```
=IF(AND(D3=D2,E3=E2,F3=F2,J3<L2),"पाने आत शिरली","")
```

एकाच अंकातला एक लेख ३७ ते ४४ आणि पुढचा ४१ ते ४८ असेल तर दोघांपैकी एकाची पाने चुकली आहेत. तुलनेत ‘लहान किंवा समान’ न घेता फक्त ‘लहान’ घेतले आहे, कारण एक लेख ज्या पानावर संपतो त्याच पानाच्या तळाशी दुसरा सुरू होणे हे छपाईत रोजचेच. चौकटीत छापलेली कविता किंवा पुस्तक परीक्षण लेखाच्या मधल्या पानावर असेल तर हे सूत्र निष्कारण बोट दाखवील. अशा ओळी वाचून सोडून द्याव्यात.

दुरुस्ती करताना मूळ रकान्यावर लिहू नये. सन आणि पृष्ठांसाठी ‘दुरुस्त’ असे नवे रकाने ठेवावेत, आणि शेजारी शेऱ्याचा एक रकाना: मूळ अंक पाहिला, शकाचे सन केले, शेजारच्या नोंदीवरून ठरवले. मूळ अंकावरच चुकीचे वर्ष छापलेले असणे ही गोष्टही जुन्या नियतकालिकांत घडलेली असते. तिथे जसे छापले तसेच मूळ रकान्यात ठेवावे, खरे साल नव्या रकान्यात द्यावे आणि शेऱ्यात ‘मुखपृष्ठावर असेच छापले आहे’ असे लिहावे. त्या अंकाचा शोध घेत ग्रंथालयात येणाऱ्याला मुखपृष्ठावर चुकीचाच आकडा दिसणार आहे, आणि तो हाच अंक आहे हे त्याला सूचीवरूनच कळायला हवे.